सोळा पाइप की सहा? इंग्रजी संबंधी उपवाक्य आणि त्याचा स्वल्पविराम

मुंबईतल्या जुन्या गृहनिर्माण संस्थांचा कारभार बहुधा दोन भाषांत चालतो. सभेतली चर्चा मराठीत होते, वादही मराठीतच होतात; कंत्राटदाराला द्यायची वर्क ऑर्डर मात्र इंग्रजीत टाइप केली जाते. अशाच एका वर्क ऑर्डरची कल्पना करू. दादरमधल्या एका चार मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून घराघरांत पाणी आणणारे १६ डाउनटेक पाइप आहेत. त्यांपैकी ६ गंजले आहेत आणि उरलेले १० अजून काही वर्षे टिकतील असे आहेत. सभेत ठराव होतो, ‘जे डाउनटेक पाइप गंजले आहेत, ते कंत्राटदाराने बदलावेत.’ दर ठरतो प्रत्येक पाइपमागे १८,००० रुपये. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी हाच ठराव इंग्रजीत उतरवतात: ‘द काँट्रॅक्टर शॅल रिप्लेस द डाउनटेक पाइप्स, विच आर करोडेड.’

या वाक्यात ‘पाइप्स’नंतर स्वल्पविराम पडला आहे, आणि त्या एका खुणेमुळे कामाची व्याप्ती बदलली आहे. स्वल्पविराम नसता, तर वाक्याचा अर्थ ‘गंजलेले तेवढे पाइप बदला’ असा झाला असता, म्हणजे ६ पाइप आणि १,०८,००० रुपये. स्वल्पविरामासह इंग्रजी वाचक ते वाक्य ‘डाउनटेक पाइप बदला, ते गंजलेले आहेत’ असे वाचतो, म्हणजे १६ पाइप आणि २,८८,००० रुपये. फरक १,८०,००० रुपयांचा आहे, आणि सेक्रेटरींच्या मनात तो कधी आलेलाही नसतो.

हा फरक ज्यातून निर्माण होतो ती गोष्ट म्हणजे इंग्रजी संबंधी उपवाक्याची दोन वेगळी कामे. ‘विच’, ‘हू’, ‘दॅट’ यांनी सुरू होणारे उपवाक्य एखाद्या नामाला जोडलेले असते. कधी ते त्या नामाने सुचवलेल्या समूहातून काही वस्तू किंवा व्यक्ती निवडून काढते. ‘पाइप’ म्हटल्यावर सोळाच्या सोळा डोळ्यांपुढे येतात आणि ‘जे गंजले आहेत’ हा भाग त्यांतले सहा बाजूला काढतो. अशा उपवाक्याला व्याकरणात रिस्ट्रिक्टिव्ह म्हणतात. आपण त्याला मर्यादा घालणारे उपवाक्य म्हणू. दुसऱ्या प्रकारात निवड आधीच झालेली असते. कोणत्या वस्तूंबद्दल बोलायचे हे नामानेच ठरवलेले असते आणि उपवाक्य त्या सगळ्या वस्तूंबद्दल आणखी एक माहिती जोडून देते. हे नॉन-रिस्ट्रिक्टिव्ह, म्हणजे माहिती जोडणारे उपवाक्य. पहिल्या प्रकारात एकच विधान असते. दुसऱ्या प्रकारात खरे तर दोन विधाने असतात आणि दुसरे विधान पहिल्याच्या पोटात बसवलेले असते.

स्वल्पविरामाचा नियम या भेदातूनच येतो. मर्यादा घालणारे उपवाक्य नामापासून तोडता येत नाही, कारण त्याच्याशिवाय नामाला अभिप्रेत असलेला अर्थच पुरा होत नाही. म्हणून तिथे स्वल्पविराम येत नाही. माहिती जोडणारे उपवाक्य हे मूळ वाक्यात मध्येच घातलेले स्वतंत्र विधान असते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम येतात. उपवाक्य वाक्याच्या शेवटी असेल, तर पूर्णविराम दुसऱ्या स्वल्पविरामाचे काम करतो. ते मध्ये असेल, तर दोन्ही खुणा लागतात आणि त्यांतली एक गाळणे ही कंस उघडून तो बंद न करण्यासारखी चूक ठरते.

नियम इतका सरळ असूनही आपल्याकडच्या इंग्रजीत तो सतत मोडतो. शाळेत तो शिकवला नाही असे म्हणून हे पुरेसे स्पष्ट होत नाही, कारण तो पाठ असलेल्या माणसांच्या हातूनही स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतो. माझ्या मते खरे कारण मराठी वाक्याच्या रचनेत आहे. सभेतल्या ठरावाकडे पुन्हा पाहा: ‘जे डाउनटेक पाइप गंजले आहेत, ते कंत्राटदाराने बदलावेत.’ इथे स्वल्पविराम आहे, आणि तो बरोबरच आहे. ‘जे’ने सुरू झालेले उपवाक्य संपते, तिथे आपण क्षणभर थांबतो आणि मग ‘ते’ने मुख्य वाक्य सुरू होते. मराठीतला हा स्वल्पविराम दोन उपवाक्यांमधला सांधा दाखवतो; उपवाक्य निवड करते आहे की माहिती जोडते आहे, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. उलट, ‘जो–तो’ची ही रचना मर्यादा घालण्यासाठीच वापरली जाते. म्हणजे ज्या अर्थासाठी मराठीत स्वल्पविराम हमखास लागतो, नेमक्या त्याच अर्थासाठी इंग्रजीत तो वर्ज्य आहे.

यात मराठीचे काही उणे नाही. आपल्या जुन्या लेखनात आजची विरामचिन्हे नव्हती. एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर ती इंग्रजीतून आली आणि ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. चिन्ह इंग्रजीतून आले, पण मराठीने ते आपल्या वाक्याच्या सांध्यांवर बसवले. जर्मन भाषेतही संबंधी उपवाक्य कोणत्याही प्रकारचे असले, तरी ते स्वल्पविरामाने वेगळे करावेच लागते. उपवाक्याचा अर्थ पाहून स्वल्पविराम द्यायचा की नाही हे ठरवण्याची रीत इंग्रजीत आहे, पण ती सगळ्या भाषांची रीत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

मराठी सवयीची खूण ओळखायला सोपी आहे. सेक्रेटरींनी तेच वाक्य उलटवून असे लिहिले असते तर पाहा: ‘द पाइप्स विच आर करोडेड, शॅल बी रिप्लेस्ड.’ इथे एकच स्वल्पविराम आहे आणि तो ‘शॅल’च्या आधी, म्हणजे मराठीत ‘ते’च्या आधी जिथे पडतो नेमका तिथे आहे. इंग्रजीत या जागी स्वल्पविराम आला की कर्ता आणि क्रियापद एकमेकांपासून तुटतात. त्याहून वाईट म्हणजे वाचकाला कळत नाही की हा स्वल्पविराम चुकून जास्त पडला आहे, की ‘पाइप्स’नंतरचा पहिला स्वल्पविराम चुकून राहिला आहे. पहिली शक्यता धरली तर सहा पाइप होतात, दुसरी धरली तर सोळा. नोटिसा, अर्ज, भाडेकरार चाळून पाहिले, तर ‘एनी मेंबर हू वॉन्ट्स अ पार्किंग स्लॉट, शुड अप्लाय’ अशी एकस्वल्पविरामी वाक्ये जागोजागी सापडतील. एकटा स्वल्पविराम कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये उभा दिसला, की मूळ वाक्य मनात मराठीत जुळले होते असे खुशाल समजावे.

मग आपले उपवाक्य कोणत्या प्रकारचे आहे, हे लिहिताना कसे ठरवायचे? शिकवणीत नेहमी सांगितली जाणारी कसोटी अशी: उपवाक्य काढून टाका, उरलेले वाक्य पुरे वाटत असेल, तर स्वल्पविराम द्या. ही कसोटी फसवी आहे, आणि ती कुठे फसवते हे आपल्याच उदाहरणात दिसते. ‘विच आर करोडेड’ काढून टाकल्यावर ‘द काँट्रॅक्टर शॅल रिप्लेस द डाउनटेक पाइप्स’ एवढे उरते. हे वाक्य पूर्ण आहे, शुद्ध आहे, आणि त्यात काही कमी आहे असे कोणालाही वाटणार नाही. कसोटी तंतोतंत पाळणारा माणूस इथे निर्धास्तपणे स्वल्पविराम देईल आणि सोसायटीच्या खर्चात पावणेदोन लाखांहून जास्त रकमेची भर घालील. उपवाक्य काढल्यावर वाक्य पुरे वाटते का, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते हे, की उपवाक्य काढल्यावर आपण जितक्या वस्तूंबद्दल बोलत होतो तितक्याच वस्तूंबद्दल अजूनही बोलतो आहोत का. आधी सहा होते, आता सोळा झाले. आकडा बदलला, म्हणजे उपवाक्य मर्यादा घालत होते. म्हणून स्वल्पविराम नको.

मराठी माणसाला याहून सोयीची एक कसोटी आहे. उपवाक्याच्या आधीचे नाम उच्चारून स्वतःला ‘सगळेच का?’ असे विचारावे. ‘पाइप बदला.’ सगळेच का? ‘नाही, गंजलेलेच.’ इथे स्वल्पविराम येणार नाही. ‘पाइप बदला.’ सगळेच का? ‘हो, सगळेच, गंजलेत ना ते.’ इथे स्वल्पविराम हवा. उत्तरात ‘तेवढेच’ आले की उपवाक्य मर्यादा घालणारे असते आणि ‘हो’ म्हणून पुढे कारण किंवा माहिती आली की ते माहिती जोडणारे असते. या कसोटीची एक अट मात्र आहे: लिहिणाऱ्याला वस्तुस्थिती ठाऊक असली पाहिजे. किती पाइप गंजले आहेत हे वाक्यात कुठेही लिहिलेले नाही, ते इमारतीच्या डक्टमध्ये उतरूनच कळते. म्हणूनच संगणकावरची व्याकरण-तपासणी अशा ठिकाणी भरवशाची नसते. स्वल्पविराम नसलेला ‘विच’ दिसला की ती बऱ्याचदा त्याखाली रेघ ओढते आणि स्वल्पविराम द्या किंवा ‘दॅट’ करा असे सुचवते. त्या दोन सूचनांमध्ये दहा पाइपांचे अंतर असते, आणि पहिली सूचना वर दिसली म्हणून लोक तिच्यावर क्लिक करून मोकळे होतात.

मोठ्याने वाचून पाहा आणि जिथे थांबावेसे वाटेल तिथे स्वल्पविराम द्या, हा सल्लाही मराठी घरात वाढलेल्या माणसाने जपूनच पाळावा. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे, त्यांच्या तोंडी माहिती जोडणाऱ्या उपवाक्याच्या आधी आणि नंतर आवाज खरोखर किंचित उतरतो आणि थांबा येतो. आपण मात्र इंग्रजी वाचतानाही पुष्कळदा ‘जो–तो’च्या लयीत थांबतो, म्हणजे उपवाक्य संपल्यावर. त्या थांब्यावर स्वल्पविराम दिला, तर वर सांगितलेला एकटा स्वल्पविरामच हाती येतो.

‘दॅट’ आणि ‘विच’ यांच्याबद्दलही थोडे सांगायला हवे. माहिती जोडणाऱ्या उपवाक्यात ‘दॅट’ चालत नाही. ‘द पाइप्स, दॅट आर करोडेड,...’ हे इंग्रजी कानाला खटकते. त्यामुळे मर्यादा घालायची असेल तेव्हा ‘दॅट’ वापरला, तर दुसऱ्या अर्थाचा दरवाजाच बंद होतो: ‘द काँट्रॅक्टर शॅल रिप्लेस द डाउनटेक पाइप्स दॅट आर करोडेड.’ मर्यादा घालणाऱ्या उपवाक्यासाठी ‘दॅट’ आणि माहिती जोडणाऱ्यासाठी ‘विच’ अशी स्वच्छ वाटणी असावी, असे हेन्री फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी वापरकोशात सुचवले होते. बहुतेक लेखक तसे लिहीत नाहीत, हेही त्यांनी तिथेच मान्य केले होते. अमेरिकेतले संपादक ही वाटणी बऱ्यापैकी पाळतात. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडच्या कायदेशीर इंग्रजीत मर्यादा घालणारा ‘विच’ सर्रास दिसतो आणि तो चूक नाही. तो चूक होतो तो त्याच्यामागे नको असलेला स्वल्पविराम लागला की. माणसांबद्दल बोलताना तर हा आधारही फारसा राहत नाही, कारण दोन्ही कामांसाठी ‘हू’च वापरला जातो. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन ठाणे’ म्हणणाऱ्याला एकाहून जास्त भाऊ असावेत असे वाचक समजतो; ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन ठाणे,’ म्हणणाऱ्याला एकच भाऊ असावा असे समजतो. पत्र लग्नाचे असेल, तर हा गैरसमज फार लवकर घरापर्यंत पोहोचतो.

काही ठिकाणी निवड करायची वेळच येत नाही, कारण नामच उत्तर देते. विशेषनामापुढे सहसा माहिती जोडणारेच उपवाक्य येते, कारण दादर एकच आहे आणि अनेक दादरांतून एक निवडायचे नसते. अपवाद फक्त तेव्हाचा, जेव्हा लिहिणारा एकाच गावाची दोन रूपे कल्पून त्यांतले एक निवडतो: ‘द दादर दॅट माय ग्रँडमदर न्यू’. विशेषनामाआधीचा तो ‘द’ हीच या अपवादाची खूण असते. याउलट ‘एव्हरी’, ‘एनी’ आणि ‘नो’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या नामापुढे उपवाक्य मर्यादा घालणारेच असते, कारण ‘एनी मेंबर’ म्हटल्यावर कोणी ठरावीक सभासद समोर उभे राहत नाहीत, मग त्यांच्याबद्दल जादा माहिती कसली देणार? म्हणून ‘एनी मेंबर, हू हॅज नॉट पेड, ...’ असे दोन स्वल्पविराम दिसले, तर अर्थाचा विचार न करता ते काढून टाकावेत. आणि ‘विच’ एखाद्या नामाकडे न वळता आधीच्या संपूर्ण घटनेकडे वळत असेल, तर स्वल्पविराम लागणारच: ‘द पंप फेल्ड, विच डिलेड द मॉर्निंग सप्लाय.’ सकाळचे पाणी उशिरा आले ते पंप बिघडल्यामुळे. ती घटना आहे, आणि घटनांमधून निवड करायचा प्रश्न नसतो.

आता आपल्या वर्क ऑर्डरकडे परत येऊ, कारण नियम कळला तरी तिचा प्रश्न पुरता सुटत नाही. समजा, कंत्राटदाराने सोळा पाइपांचे बिल पाठवले आणि खजिनदार सहाच्या वर पैसे द्यायला तयार नाहीत. स्वल्पविराम कंत्राटदाराच्या बाजूने आहे. सभेचा मराठी ठराव खजिनदारांच्या बाजूने आहे. प्लंबरने पाहणी करून दिलेल्या कागदावर सहाच पाइपांवर खुणा असतील, तर तो कागदही त्यांच्याच बाजूने आहे. न्यायालये केवळ विरामचिन्हावर निकाल टांगत नाहीत. विरामचिन्ह हा कायद्याचा अर्थ लावतानाचा गौण घटक आहे, असे सर्वोच्च न्यायालयातही १९५२ सालीच म्हटले गेले आहे. पण तिथपर्यंत जाणे सोसायटीला परवडणारे नसते, आणि ज्याच्या हातात फक्त ती वर्क ऑर्डर आहे तो कामगार जे वाचेल तेच करील. दहा चांगले पाइप उतरवून झाल्यावर स्वल्पविरामाचा अर्थ कोणी कितीही नीट समजावला, तरी ते पुन्हा बसत नाहीत.

म्हणून जिथे पैसे किंवा हक्क गुंतलेले असतात, तिथे स्वल्पविराम बरोबर द्यावाच, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये. निवड आकड्याने आणि यादीने करावी: ‘ऑफ द १६ डाउनटेक पाइप्स, द काँट्रॅक्टर शॅल रिप्लेस ओन्ली द ६ लिस्टेड इन अ‍ॅनेक्शर ए.’ या वाक्यात ‘विच’ही नाही आणि ‘दॅट’ही नाही, सगळे स्वल्पविराम पुसले तरी आकडा सहाच राहतो. आणि खरोखरच सगळे पाइप बदलायचे असतील, तर कारण वेगळे काढून लिहावे: ‘ऑल १६ डाउनटेक पाइप्स आर करोडेड. द काँट्रॅक्टर शॅल रिप्लेस देम.’

आपल्या मराठी ठरावालाही हीच काळजी हवी. ‘जे पाइप गंजले आहेत, ते बदलावेत’ हे वाक्य निःसंदिग्ध आहे. पण तेच आटोपशीर करून ‘इमारतीचे गंजलेले डाउनटेक पाइप बदलावेत’ असे लिहिले, की संदिग्धता मराठीतही शिरते. ‘गंजलेले’ हे विशेषण सहा पाइप निवडते आहे की सोळाही पाइपांचे वर्णन करते आहे, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि नामाच्या आधी बसलेल्या विशेषणाला स्वल्पविरामाची मदतही घेता येत नाही. तिथे ‘पैकी’ हा शब्द उपयोगी पडतो: ‘१६ डाउनटेक पाइपांपैकी गंजलेले ६ पाइप बदलावेत.’ सगळे बदलायचे असतील, तर ‘सर्व १६ पाइप गंजले असल्याने ते बदलावेत’ असे लिहावे.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना चूक उलट दिशेने होते. ‘द ए वॉर्ड, विच कव्हर्स कुलाबा अँड फोर्ट, हॅज इश्यूड अ नोटिस’ या वाक्यात उपवाक्य माहिती जोडणारे आहे. त्याचे ‘जो ए वॉर्ड कुलाबा आणि फोर्ट सांभाळतो, त्याने नोटीस काढली आहे’ असे मराठी केले, तर मुंबई महापालिकेकडे बरेच ए वॉर्ड असून त्यांतल्या एकाने नोटीस काढली आहे असा भास होतो, कारण ‘जो–तो’ निवड करतो. ‘ए वॉर्ड, जो कुलाबा आणि फोर्ट सांभाळतो, त्याने...’ ही रचना अर्थाने चालते, पण तिला इंग्रजीचा वास येतो. मराठीत माहिती जोडायची ती वाक्य सरळ दोन करून जोडावी: ‘ए वॉर्डने नोटीस काढली आहे. कुलाबा आणि फोर्ट हे भाग याच वॉर्डमध्ये येतात.’